आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज मागताना : पात्रता, व्याज आणि वारसांच्या हाती उरणारी रक्कम

आयुर्विम्याच्या पॉलिसीवर मिळणारे कर्ज हे पगाराचा दाखला, जामीनदार किंवा क्रेडिट स्कोअर न मागता मिळणाऱ्या मोजक्या कर्जांपैकी एक आहे, कारण विमा कंपनीच्या दृष्टीने तारण आधीपासून तिच्याच हिशेबात जमा असते. याच कारणामुळे या कर्जाला मासिक हप्ता नसतो, मुद्दल परत करण्याची सक्तीची तारीख नसते आणि वसुलीसाठी कोणी दारात येत नाही. अडचण मात्र येथेच सुरू होते, कारण पुष्कळ पॉलिसीधारक कर्ज घेतल्यानंतर त्याचे व्याज आणि पॉलिसीचा हप्ता या दोन्हींकडे एकाच निष्काळजीपणाने पाहतात. प्रत्यक्षात या दोन गोष्टी थकल्याचे परिणाम फार वेगळे आहेत. हा लेख भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या, म्हणजे एलआयसीच्या, नेहमीच्या एंडोमेंट प्रकारच्या, म्हणजे मुदत संपल्यावर किंवा त्याआधी मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या, पॉलिसीला धरून लिहिला आहे. खासगी कंपन्यांची रीत बहुतांशी अशीच असते, फक्त टक्केवारी आणि अर्जाचे नमुने बदलतात.

आधी पाहावे : आपली पॉलिसी कर्जास पात्र आहे का

कर्ज विमा रकमेवर मिळत नाही, ते समर्पण मूल्यावर मिळते. आज पॉलिसी बंद करून टाकली तर कंपनी जी रक्कम हाती देईल तिला समर्पण मूल्य म्हणतात. बोलताना आपण तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतो. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून चार-साडेचार लाख मिळतील असे गृहीत धरून शाखेत गेलेला माणूस बहुधा निराश होऊन परततो, कारण पहिल्या काही वर्षांत समर्पण मूल्य भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी असते.

यावरून हेही कळते की ज्या पॉलिसीला समर्पण मूल्य नाही, तिच्यावर कर्ज नाही. नियमित हप्त्याच्या शुद्ध मुदत विम्यात, म्हणजे टर्म इन्शुरन्समध्ये, जिवंत राहिल्यास काही परत मिळत नाही, म्हणून तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. युनिट-लिंक्ड पॉलिसींवरही कर्ज दिले जात नाही. त्यांत पाच वर्षांच्या बंधनकाळानंतर काही रक्कम काढून घेण्याची वेगळी सोय असते. जुन्या मनी-बॅक योजनांपैकी काहींमध्ये कर्जाची तरतूद नव्हती, त्यामुळे अशी पॉलिसी असल्यास बाँडवरील अटी आधी वाचाव्यात.

समर्पण मूल्य केव्हा तयार होते, हे पॉलिसी कोणत्या काळात विकली गेली यावर ठरते. जुन्या पॉलिसींना साधारणपणे तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्यानंतर ते मिळत असे. 2019 च्या नियमांनंतर आलेल्या योजनांत ही अट दोन वर्षांवर आली. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून विक्रीस आलेल्या सुधारित योजनांत एक वर्ष पूर्ण झाल्यावर आणि त्या वर्षाचा संपूर्ण हप्ता भरलेला असल्यास विशेष समर्पण मूल्य लागू होते. नियम बदलला म्हणून जुन्या पॉलिसीची अट आपोआप सैल होत नाही. आपल्या बाँडवर जे छापले आहे तेच आपल्याला लागू असते.

पॉलिसी चालू असेल, म्हणजे सर्व हप्ते वेळेवर भरलेले असतील, तर साधारणपणे समर्पण मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. हप्ते बंद पडून पॉलिसी पेड-अप झाली असेल, म्हणजे घटलेल्या विमा रकमेवर टिकून असेल, तर ही मर्यादा बहुधा 80 टक्क्यांवर येते. नव्या योजनांत सुरुवातीच्या वर्षांसाठी याहून कमी टक्केवारी ठरवलेली असू शकते.

पात्रतेच्या आड येणारी आणखी एक बाब म्हणजे पॉलिसीची मालकी. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेकडे असाइन केलेली, म्हणजे तिचे हक्क बँकेच्या नावे हस्तांतरित केलेले असतील, तर बँकेने ती परत आपल्या नावे करून दिल्याखेरीज कंपनी कर्ज देणार नाही. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीच्या 1874 च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठीचा न्यास मानली जाते, म्हणून तिच्यावर पतीला स्वतःच्या गरजेसाठी एकट्याने कर्ज उचलता येत नाही. मूल अज्ञान असताना त्याच्या नावावरील पॉलिसीवर कर्ज मागितल्यास ते मुलाच्या हितासाठी आहे, असे लेखी निवेदन मागितले जाते.

शाखेत जाण्याची तयारी

पहिले काम म्हणजे कर्जाचे कोटेशन घेणे. एलआयसीच्या ग्राहक पोर्टलवर नोंदणी केलेली असेल तर आपल्या पॉलिसीवर किती कर्ज मिळू शकते हे तेथे दिसते. नसेल तर ज्या शाखेत पॉलिसीची नोंद आहे त्या सर्व्हिसिंग शाखेत पॉलिसी क्रमांक देऊन लेखी कोटेशन मागावे. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर समाधान मानू नये. कोटेशनवर समर्पण मूल्य, मिळू शकणारे कमाल कर्ज, व्याजाचा दर आणि हिशेबाची तारीख या चार गोष्टी असाव्यात, कारण पुढे काही वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा असतो मूळ पॉलिसी बाँड. कर्ज देताना पॉलिसी कंपनीच्याच नावे असाइन करावी लागते, तशी नोंद बाँडवर केली जाते आणि कर्ज फिटेपर्यंत बाँड कंपनीकडे राहतो. बाँड हरवला असेल तर आधी दुय्यम पॉलिसीसाठी अर्ज करावा लागतो, त्यासाठी क्षतिपूर्तीचे बंधपत्र द्यावे लागते आणि त्यात बराच वेळ जातो. म्हणून पैशांची निकड निर्माण होण्यापूर्वीच बाँड कपाटात आहे ना, हे पाहून ठेवलेले बरे. याशिवाय कर्जाचा छापील अर्ज, रक्कम मिळाल्याची पावती (तिच्यावर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करावी लागते), ओळखपत्र, पॅन आणि ज्या खात्यात रक्कम हवी त्याचा रद्द केलेला धनादेश द्यावा. खाते पॉलिसीधारकाच्याच नावाचे असावे आणि धनादेशावर नाव छापलेले असावे. बाँडवरील नावात आणि बँकेतील नावात फरक असेल, उदाहरणार्थ लग्नापूर्वीचे नाव बाँडवर आणि नंतरचे बँकेत, तर प्रकरण याच टप्प्यावर अडकते. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद सोबत न्यावी.

एखादा हप्ता थकलेला असेल तर तो आधी भरावा. नाहीतर शाखा कर्जाच्या रकमेतून तो वळता करते आणि हाती अपेक्षेपेक्षा कमी पैसे येतात.

छापील अर्जासोबत एक साधे पत्र जोडले तर आपली मागणी नेमकी काय होती याची नोंद राहते. ते पुढीलप्रमाणे असावे :

> प्रति, शाखा व्यवस्थापक.
>
> विषय : पॉलिसी क्रमांक ______ वर कर्ज मिळणेबाबत.
>
> महोदय, माझ्या वरील पॉलिसीचे ______ पर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. दिनांक ______ च्या कोटेशननुसार मला ₹ ______ पर्यंत कर्ज मिळू शकते. त्यांपैकी ₹ ______ एवढेच कर्ज मंजूर करावे, ही विनंती. ही पॉलिसी अन्य कोणाकडेही असाइन केलेली अथवा तारण ठेवलेली नाही. मूळ पॉलिसी बाँड, भरलेला अर्ज, पावती, ओळखपत्र, पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश सोबत जोडला आहे. कर्ज मंजूर झाल्यावर व्याजाचा दर, पहिल्या व्याजाची देय तारीख आणि त्यानंतरच्या देय तारखा लेखी कळवाव्यात.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा पोहोच शिक्का घ्यावा आणि मूळ बाँड जमा केल्याचा उल्लेख त्या प्रतीवर आहे याची खात्री करावी. पत्रातील ‘एवढेच’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. काउंटरवर पुष्कळदा मर्यादेइतके पूर्ण कर्ज घेण्याचे सुचवले जाते. ते घ्यावे की नाही हे आपण ठरवावे, आणि का न घ्यावे ते पुढील हिशेबात दिसेल.

व्याज कसे चढते

एलआयसीच्या अलीकडच्या योजनांच्या दस्तऐवजांत कर्जाचा दर केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांच्या परताव्याशी जोडलेला असतो आणि 1 मे ते 30 एप्रिल या वर्षासाठी तो जाहीर होतो. त्या वर्षात मंजूर झालेल्या कर्जाला तोच दर कर्जाच्या संपूर्ण काळासाठी राहतो. गेल्या काही वर्षांत हा दर साधारण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास राहिलेला आहे, म्हणून पुढील उदाहरणात 9.5 टक्के धरला आहे. व्याजाची आकारणी सहामाही चक्रवाढीने होते, म्हणजे सहा महिन्यांचे व्याज भरले नाही की ते मुद्दलात मिळते आणि पुढच्या सहामाहीत त्यावरही व्याज लागते.

देय तारखा कर्जाच्या तारखेवरून मोजल्या जात नाहीत. पॉलिसीचा वर्धापनदिन आणि त्याच्या सहा महिने आधीची तारीख या दोन तारखांना व्याज देय होते. पॉलिसी 28 मार्चची असेल आणि कर्ज 10 जुलैला मिळाले असेल, तर पहिले व्याज 28 सप्टेंबरला, फक्त 80 दिवसांचे, भरावे लागते आणि त्यानंतर दर 28 मार्च व 28 सप्टेंबरला पूर्ण सहामाहीचे. सहा महिने होऊन गेल्यावर पाहू, असे म्हणत बसलेल्या नव्या कर्जदाराची पहिलीच तारीख अशी चुकते. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होत असेल तर त्यात व्याजही गेले असावे, असा समजही सर्रास आढळतो. व्याज ही स्वतंत्र रक्कम आहे आणि ती पोर्टलवर किंवा शाखेत वेगळी भरावी लागते.

कर्जाची किमान मुदत सहा महिने धरली जाते, त्यामुळे दोन महिन्यांत मुद्दल परत केले तरी व्याज सहा महिन्यांचे द्यावे लागते. त्या काळात पॉलिसीची मुदत संपली किंवा पॉलिसीधारकाचा मृत्यू झाला, तर मात्र त्या तारखेपर्यंतचेच व्याज घेतले जाते. मुद्दल थोडे थोडे करून केव्हाही भरता येते. भरलेल्या रकमेतून आधी थकलेले व्याज वळते होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, सुनीताताईंची 21 वर्षांची एंडोमेंट पॉलिसी आहे, विमा रक्कम ₹ 5,00,000 आहे आणि दहा वर्षांचे हप्ते भरून झाले आहेत. दरवर्षी हजारी ₹ 40 बोनस धरला तर वर्षाला ₹ 20,000, म्हणजे आजवर ₹ 2,00,000 बोनस जमा आहे. कोटेशनमध्ये समर्पण मूल्य ₹ 2,10,000 आले, म्हणून कमाल कर्ज ₹ 1,89,000. मुलीच्या शिक्षणासाठी गरज दीड लाखाची आहे आणि त्यांनी ₹ 1,50,000 च घेतले. हिशेब सोपा राहावा म्हणून कर्ज वर्धापनदिनी मिळाले असे धरू. प्रत्येक सहामाहीचे व्याज ₹ 7,125 होते.

तीन वर्षांनी त्यांचे निधन झाले, हप्ते आणि व्याज दोन्ही वेळेवर भरलेले होते, असे समजू. मृत्यूदावा विमा रक्कम आणि तेरा वर्षांचा बोनस मिळून ₹ 7,60,000 होतो. त्यातून मुद्दल वजा होऊन नॉमिनीला ₹ 6,10,000 मिळतात. व्याज एकदाही भरले नसते, पण हप्ते चालू ठेवले असते, तर कर्ज फुगून सुमारे ₹ 1,98,160 झाले असते आणि नॉमिनीच्या हाती ₹ 5,61,840 आले असते. फरक सुमारे ₹ 48,000 चा आहे. त्यांतले जवळपास ₹ 43,000 सुनीताताईंच्या खिशात राहिलेलेच असते.

आता उलट बाजू पाहावी. कर्ज घेतल्यावर ओढाताण होते म्हणून त्यांनी हप्ते भरणे बंद केले आणि व्याजही भरले नाही. सवलतीचा काळ उलटताच पॉलिसी बंद पडते आणि पेड-अप होते : 21 पैकी 10 वर्षांचे हप्ते भरल्याने विमा रक्कम त्याच प्रमाणात घटून सुमारे ₹ 2,38,000 होते, जमा बोनस ₹ 2,00,000 कायम राहतो आणि नवा बोनस मिळत नाही. तीन वर्षांनी मृत्यू झाल्यास सुमारे ₹ 4,38,000 मधून ₹ 1,98,160 वजा होऊन नॉमिनीला साधारण ₹ 2,40,000 मिळतात. व्याज थकल्याने कुटुंबाचे ₹ 48,000 कमी झाले होते. हप्ता थांबल्याने त्याखेरीज आणखी जवळपास सव्वातीन लाख गेले. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर कोणते आधी भरावे, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे : हप्ता आधी, व्याज नंतर.

हीच गोष्ट पॉलिसी संपुष्टात येण्याच्या, म्हणजे फोरक्लोजरच्या, बाबतीतही खरी ठरते. व्याजासह कर्ज समर्पण मूल्याच्या वर जाऊ लागले की कंपनी पॉलिसीधारकाला आधी कळवून, रक्कम भरण्याची संधी देऊन, पॉलिसी बंद करू शकते. त्यानंतर मृत्यूदावा उरत नाही. 2019 च्या नियमांखाली आलेल्या योजनांत मात्र हप्ते चालू असलेली किंवा सर्व हप्ते भरून पूर्ण झालेली पॉलिसी केवळ या कारणासाठी बंद करता येत नाही. हा धोका मुख्यतः मध्येच हप्ते सोडलेल्या पॉलिसीचा आहे. जुन्या पॉलिसीला बाँडवरील अटी लागू होतात.

सुनीताताईंची पेड-अप पॉलिसी मुदत संपताना साधारण ₹ 4,38,000 ची असेल. दीड लाखाचे कर्ज अकरा वर्षांत एक पैसाही व्याज न भरता सुमारे ₹ 4,16,400 होते, म्हणजे पॉलिसी जेमतेम तगते आणि शेवटी बावीस हजारांच्या आत काहीतरी हाती येते. त्यांनी मर्यादेइतके ₹ 1,89,000 घेतले असते तर हीच रक्कम ₹ 5,24,600 झाली असती, आणि मुदत संपण्याच्या बरीच आधी पॉलिसी बंद पडली असती. मागितले नव्हते ते ₹ 39,000 पॉलिसी टिकणे आणि न टिकणे यांतला फरक ठरतात. गरजेपुरतेच कर्ज घ्यावे हा सल्ला मी या हिशेबावरून देतो.

नॉमिनी आणि कर्जाचा संबंध

पॉलिसी असाइन केली की नॉमिनीचे नाव रद्द होते, अशी भीती अनेकांना वाटते. दुसऱ्या कोणाकडे असाइन केल्यास नॉमिनेशन रद्द होते हे खरे. परंतु विमा कायदा, 1938 च्या कलम 39 नुसार समर्पण मूल्याच्या आतील कर्जासाठी विमा कंपनीच्याच नावे केलेल्या असाइनमेंटमुळे नॉमिनेशन रद्द होत नाही. कंपनीचे जेवढे येणे आहे तेवढ्यापुरताच नॉमिनीचा हक्क कमी होतो आणि उरलेली सर्व रक्कम त्याचीच राहते. कर्जाची वसुली दाव्याच्या रकमेतून होते, नॉमिनीने स्वतःच्या खिशातून काही भरायचे नसते.

तरीही नॉमिनीला कर्जाची कल्पना देणे आवश्यक आहे. बाँड घरात नसतो, त्यामुळे मृत्यूनंतर कुटुंबीय तो शोधत राहतात किंवा हरवला असे समजून दुय्यम पॉलिसीच्या मागे लागतात. शिवाय दाव्याची रक्कम कमी आली की कंपनीने फसवल्याचा संशय येतो. कर्जमंजुरीचे पत्र आणि व्याजाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवून तिची जागा घरातील माणसांना सांगून ठेवावी. दावा देताना कंपनीकडून मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवणारे विवरण मागावे आणि ते पावत्यांशी ताडून पाहावे. भरलेले व्याज नोंदले गेले नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत आणि तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यावर शाखा बाँडवर पुन्हा आपल्या नावे हस्तांतर केल्याची नोंद करून तो परत देते. शेवटची पावती मिळाली म्हणून स्वस्थ न बसता ही नोंद, तिच्यावरील तारीख आणि अधिकाऱ्याची सही पाहून घ्यावी, आणि पोर्टलवर थकीत कर्जाचा आकडा शून्य झाला आहे का तेही तपासावे. तारखांच्या फरकाने शिल्लक राहिलेले चार-पाचशे रुपयांचे व्याजही मुद्दलात मिळून पुढच्या सहामाहीपासून वाढू लागते.